छापा-काटा करून निर्णय घ्यावा का?

प्रश्न: दोन जॉब ऑफर आहेत, दोन्ही सारख्याच वाटतायत. नाणं उडवून ठरवलं तर चालेल का?

उत्तर: चालेल, पण नाण्याचं ऐकायलाच पाहिजे असं नाही. आधी कागदावर लिहा, छापा म्हणजे जुन्या शहरातली, काटा म्हणजे नवीन शहरातली, नाहीतर नंतर मन गुपचूप बाजू बदलतं. मग एकदाच उडवा आणि निकाल बघितल्यावर पहिल्या काही सेकंदात काय वाटलं तेवढंच पकडा, कारण त्यानंतर डोकं कारणं शोधायला लागतं. समजा छापा पडला आणि लगेच "बेस्ट ऑफ थ्री करू" असं तोंडात आलं, तर तुम्हाला नवीन शहरातलीच हवी होती, विषय संपला.

हायसं वाटलं तर मात्र जरा थांबा. ते ऑप्शन आवडला म्हणून असू शकतं किंवा नुसतं ठरवायचं टेन्शन गेलं म्हणूनही. ओळखायचं कसं, तर एक दिवस "ही ऑफर घेतली" असं धरून चला, घर, प्रवास, सगळं त्या हिशोबाने डोक्यात मांडा, आणि दुसरी ऑफर सारखी आठवते का बघा.

पोटात गोळा आला तरी लगेच नकार समजू नका, बदलाची भीतीपण तशीच वाटते. अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेव्हिटने हजारो लोकांना अशाच निर्णयांसाठी ऑनलाइन नाणं उडवायला दिलेलं (पेपर 2021 चा), त्यात मोठ्या निर्णयांमध्ये बदल करणारे लोक सहा महिन्यांनी सरासरी जास्त खूश निघाले.

आणि काहीच वाटलं नाही तर खरंच टाय आहे, मग नाणं सांगेल ते घ्या.