नोकरी सांभाळून एसक्यूई १

"पुण्यात फर्ममध्ये पूर्णवेळ काम करतो, एलएलबी इथलंच. इंग्लंडचा सॉलिसिटर व्हायचंय. त्यासाठीच्या एसक्यूई परीक्षेला तीनच प्रयत्न आहेत, तयारी कशी करू?"

आधी पहिला टप्पा, एसक्यूई १ काढा, त्याशिवाय एसक्यूई २ ला बसता येत नाही. आणि पहिल्यांदा बसलात की दोन्ही टप्पे पास व्हायला सहा वर्षांचं घड्याळ सुरू होतं, त्यामुळे 'एकदा बसून बघू' म्हणून एक प्रयत्न घालवू नका.

आपली खरी अडचण पाठांतर नाही, भारतीय कायदा डोक्यात पक्का बसलेला असतो ही आहे. कराराच्या दाव्याची मुदत विचारली की हात आपोआप ३ वर्षांवर जातो, तिथे ती साधारण ६ आहे. आपल्याकडे प्रतिफल तिऱ्हाईताने दिलं तरी चालतं, तिथे ज्याला वचन दिलं त्यानेच द्यावं लागतं. अशा फरकांची मी वेगळी वही केली होती. लोकलमध्ये उभ्यानेसुद्धा वाचता यायची.

दोन पेपर, प्रत्येकी १८० प्रश्न. एका सत्रात ९० प्रश्न, १५३ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला १ मिनिट ४२ सेकंद. ऑफिसच्या दिवशी अर्ध्या तासात १८ प्रश्न घड्याळ लावून सोडवा, शनिवारी अख्खं सत्र. उत्तर देताना अंदाजाने ठोकलेल्या प्रश्नावर खूण करा. ते बरोबर आले तरी चुकलेच धरा. माझे सराव परीक्षेत ७० टक्के यायचे, खुणा वजा केल्यावर ५५ उरले, मग फॉर्म पुढच्या वेळच्या परीक्षेला भरला. एकच पेपर गेला तर तेवढाच परत द्यायचा असतो.