प्रिंट काळपट आल्या आणि दुकान म्हणतं, दोष तुमच्या स्क्रीनचा

> "४० फोटो छापून घेतले. सगळे स्क्रीनवर दिसतात त्यापेक्षा काळपट आलेत. दुकानाला ईमेल केला तर उत्तर आलं, 'तुमची स्क्रीन जास्त उजळ असेल.' गेल्या वर्षी त्यांच्याकडूनच छापलेले फोटो छान आले होते. मला सगळे पुन्हा छापून हवेत. आता ईमेल कसा लिहू?"

तुमच्या हातातलं सगळ्यात भक्कम वाक्य तुम्ही जाता जाता लिहून गेलात: गेल्या वर्षीचे फोटो छान आले होते. पुढचा ईमेल त्यावरच उभा करा. "स्क्रीनवर वेगळं दिसतं" हे दुकानाला रोज कोणी ना कोणी सांगतं आणि दहातल्या बऱ्याच वेळा दुकानाचंच बरोबर असतं. स्क्रीन स्वतः प्रकाश टाकते, कागद मात्र खोलीत जेवढा उजेड असेल तेवढाच परत पाठवतो. छपाईसाठी फोटो बघताना स्क्रीनची प्रखरता साधारण ८० ते १२० कँडेला प्रति चौरस मीटर ठेवतात. लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण वाढवला की हा आकडा २५०-३०० पर्यंत सहज जातो. अशा स्क्रीनवर फोटो नीट करून रात्री ट्यूबलाइटखाली प्रिंट बघितली, तर चांगली प्रिंटही काळवंडलेलीच वाटणार.

म्हणून आधी स्वतःची खात्री करून घ्या. दिवसा खिडकीजवळ बसा, पण थेट ऊन नको. स्क्रीनवर एक कोरं पांढरं पान उघडा, शेजारी कोरा पांढरा कागद धरा आणि दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस कमी-जास्त करा. आता गेल्या वर्षीची एखादी प्रिंट आणि तिची मूळ फाइल शेजारी शेजारी बघा. मग ब्राइटनेसला हात न लावता नवी प्रिंट आणि तिची फाइल बघा. जुनी जोडी जुळली आणि नवी जुळली नाही, तर तीच स्क्रीन एकीला खरी आणि दुसरीला खोटी कशी, याचं उत्तर दुकानाला द्यावं लागेल. दोन्ही जोड्या जुळल्या, तर प्रिंट बरोबर आहेत आणि तक्रार इथेच संपते. जुनी जोडीही जुळली नाही, तर या तपासणीवरून काही ठरत नाही.

तुलना करताना कागद एकच हवा. मॅट कागदावर काळा रंग ग्लॉसीइतका गडद उतरत नाही आणि सावलीतले बारकावे एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. जुनी प्रिंट ग्लॉसी आणि नवी मॅट असेल, तर दुकान पहिल्या मिनिटाला तुमचा मुद्दा खोडून काढेल.

ईमेल पाठवण्याआधी आणखी एक तपासणी करायची, आणि हिच्यात मी स्वतः फसलो होतो. माझ्या ३६ फोटोंच्या ऑर्डरमध्ये ३३ काळपट आणि फिके आले, ३ मात्र अगदी नीट. मी तावातावाने ईमेल लिहिला. दुकानदाराने शांतपणे विचारलं, "ते तीन कुठून आलेत?" ते फोनमधले होते. बाकीचे मी एडिट करून एक्स्पोर्ट केले होते आणि एक्स्पोर्टमध्ये रंगांचं प्रोफाइल, म्हणजे फाइलमधले रंगांचे आकडे कसे वाचायचे हे सांगणारी खूण, `ProPhoto RGB` राहून गेलं होतं. दुकानाच्या सूचनेत `sRGB` स्पष्ट लिहिलेलं होतं. `ProPhoto RGB` मध्ये मधले टोन कमी आकड्यांनी साठवले जातात. मशीनने तेच आकडे `sRGB` समजून वाचले की चेहरे आणि सावल्या खाली दबतात आणि रंगही उडतात. चूक माझी होती, मी माफी मागितली. त्यांनी सवलतीत पुन्हा छापून दिले.

तुमच्या फाइलचं प्रोफाइल कॉम्प्युटरवर `exiftool` हा प्रोग्राम टाकून कमांड लाइनवर असं दिसेल:

```
exiftool -ProfileDescription IMG_2114.jpg
```

उत्तरात `sRGB` दिसलं तर पुढे जा. दुसरं काही दिसलं तर आधी दुकानाची सूचना वाचा. काहीच दिसलं नाही तर फाइलमध्ये प्रोफाइल जोडलेलंच नाही. अशी फाइल बहुतेक ठिकाणी `sRGB` धरूनच छापतात, पण तुमच्या एक्स्पोर्टच्या सेटिंगमध्ये काय होतं ते एकदा बघून घ्या.

सगळं ठीक निघालं तर ईमेल असा जाऊ द्या. फाइलची नावं, आकार, कागद तुमचे घाला:

> विषय: ऑर्डर क्र. ____ : ४० प्रिंट काळपट, पुन्हा छापून मिळण्याबाबत
>
> नमस्कार,
>
> ____ तारखेच्या ऑर्डरमधल्या ४० प्रिंट (८×१२ इंच, मॅट) काळपट आल्या आहेत. IMG_2114 मध्ये काळ्या कोटाच्या घड्या आणि खिसा फाइलमध्ये स्पष्ट आहेत, प्रिंटवर तो भाग सपाट काळा आहे.
>
> स्क्रीनच्या उजेडाचा मुद्दा तुम्ही मांडलात, तो मी तपासला. गेल्या वर्षी तुमच्याकडेच, याच कागदावर छापलेली IMG_0873 ची प्रिंट त्याच स्क्रीनवर, त्याच उजेडात फाइलशी जुळते. नवी जुळत नाही. सर्व फाइल sRGB आहेत.
>
> माझी विनंती: IMG_0873 आणि IMG_2114 ची एकेक प्रिंट आज पुन्हा काढावी. IMG_0873 ची नवी प्रिंट जुनीपेक्षा काळपट आली किंवा IMG_2114 ची नवी प्रिंट आधीपेक्षा उजळ आली, तर सर्व ४० प्रिंट विनामूल्य पुन्हा छापून द्याव्यात. आधीच्या ४० मी परत करेन. ही ऑर्डर छापताना ऑटो करेक्शन चालू होतं का, तेही कळवावं.
>
> जुनी प्रिंट घेऊन मी दुकानात येऊ शकतो.

यात खरा जोर जुनी फाइल पुन्हा छापण्याच्या विनंतीत आहे. जुनी आणि नवी प्रिंट टेबलावर शेजारी ठेवली की स्क्रीनचा विषयच उरत नाही. एकच फाइल, एकच कागद, दोन वेगळे परिणाम. कोणताही छपाईवाला हे एका नजरेत ओळखतो, कारण मशीनचं कॅलिब्रेशन सरकणं किंवा कागदाचा नवा रोल लावून प्रोफाइल जुनंच राहणं हे त्याच्या नेहमीच्या कामातलं आहे. दोन प्रिंटचा खर्च त्याला जड नाही, त्यामुळे नकार द्यायलाही कारण सापडत नाही.

ऑटो करेक्शनबद्दल मुद्दाम विचारायला लावलं. ते चालू असेल तर मशीन प्रत्येक फोटोचा उजेड आपल्या अंदाजाने बदलतं. पांढरी पार्श्वभूमी जास्त असलेला फोटो त्याला "जास्त उजळ" वाटतो आणि ते तो दाबतं. तुमच्या ४० मध्ये नेमके असेच फोटो जास्त काळे असतील, तर तेवढं एक वाक्य ईमेलमध्ये वाढवा.

प्रिंट आणि स्क्रीन शेजारी ठेवून फोनने काढलेला फोटो मात्र जोडू नका. फोन स्क्रीनच्या उजेडावर एक्स्पोजर धरतो, त्यामुळे कागद हमखास काळा येतो आणि तुमचा पुरावा दुकानाच्या बाजूने बोलू लागतो. फोटो जोडायचाच असेल तर जुनी आणि नवी प्रिंट, दोन्ही कागद, एकाच फ्रेममध्ये खिडकीजवळ घ्या. निकाल लागेपर्यंत प्रिंट अल्बममध्ये चिकटवू नका आणि अपलोड केलेल्या फाइल उजळ करून त्याच नावाने सेव्ह करू नका.

IMG_0873 ची नवी प्रिंट जुनीसारखीच आली आणि IMG_2114 ची नवी प्रिंटही आधीइतकीच काळपट आली, तर बहुधा मशीन बरोबर आहे आणि या वेळच्या फाइलच गडद आहेत. तेव्हा फुकट मागू नका, सवलत मागा. आणि ४० ची ऑर्डर देण्याआधी IMG_2114 चा उजेड तीन वेगवेगळ्या पायऱ्यांनी वाढवून तीन छोट्या प्रिंट काढा. कोटाचा खिसा ज्या प्रिंटवर दिसेल, ती पायरी त्याच उजेडात काढलेल्या बाकीच्या फोटोंना लावा.