पोळ्याआधी विकलेली जोडी

मावशी,
मी लातूरची, सात वर्षांपासून जर्मनीत आहे. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. धाकट्या काकांचा मुलगा औशाजवळ गावी शेती बघतो. त्याला डिसेंबरात तीन आठवडे आमच्याकडे यायचंय. एजंट म्हणतो, ताईकडून जबाबदारीचा कागद आण, व्हिसा झालाच समज. माझं मन होत नाही. पण इंजिनिअरिंगला असताना माझ्या खोलीचं भाडं काकांनी भरलं होतं, तोंड कसं उघडू? पगार कमी पडतो असं सांगून वेळ मारून नेऊ का? काकूंचा रोज फोन येतो. बाकी गावाकडं सगळं ठीक, पोळ्याआधी काकांनी बैलजोडी विकली एवढंच.
— लातूरची लेक

एवढंच? अगं बाई, ते वाक्य मी तीनदा वाचलं. ज्या जोडीची खांदेमळणी करायची, जिला ओवाळून पुरणपोळी भरवायची, ती सणाच्या तोंडावर कोण विकतं? बैल थकले म्हणून माणूस हाळीच्या बाजारात नेतो, तर तिथूनच दुसरी जोडी घेऊन येतो. ट्रॅक्टर घेतला असता तर काकूंनी पहिल्या फोनला तेच सांगितलं असतं. सोयाबीन निघालं की हरभरा पेरायचा असतो. तीन आठवडे गावाला जाणारा माणूस शेजाऱ्याला वैरणपाण्याचं सांगून जातो, दावण रिकामी करून जात नाही.

हे तुला कळलंय. म्हणून तर मन होत नाही. उगाच पगाराआड लपू नकोस.

आता तो कागद. नुसतं निमंत्रणपत्र असतं तर गोष्ट वेगळी होती. भाऊ अमुक तारखेला येतोय, आमच्याकडे उतरेल, एवढं लिहिल्यानं खर्चाची हमी गळ्यात पडत नाही. एजंटाला हवी आहे ती ‘फेरफ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग’. त्यासाठी तुला तिथल्या परदेशी नागरिकांच्या कार्यालयात पगाराच्या पावत्या घेऊन जावं लागेल, 29 युरो भरावे लागतील आणि सही करावी लागेल. त्या सहीनं तो देशात आल्यापासून 5 वर्षं तू बांधली जातेस. त्याच्या राहण्याखाण्यावर, दवाखान्यावर सरकारी पैसा खर्च झाला तर तो तुझ्याकडून वसूल होतो. त्याला परत पाठवायची वेळ आली तर तो खर्चही. त्यानं तिथं आश्रय मागितला आणि मिळाला, तरी ही 5 वर्षं कमी होत नाहीत.

समज, तो 10 डिसेंबरला उतरला आणि परतीचं तिकीट 31 चं आहे. व्हिसासाठी काढलेला 30,000 युरोचा प्रवास विमाही 31 पर्यंतच. 31 ला तो विमानात बसलाच नाही. कुणीतरी ओळखीचा सापडला, कुठल्याशा हॉटेलात भांडी घासायला लागला. या व्हिसावर काम करता येत नाही, म्हणून मालकाकडे त्याची नोंद नाही. फेब्रुवारीत अपेंडिक्स फुटलं. विमा संपलेला, मालक म्हणतो मी याला ओळखत नाही. ऑपरेशन तर होणारच, आणि सरकारनं खर्च केला की तुझ्या दारात पत्र येणार. पाहुणा तीन आठवड्यांचा आणि तू जामीन पाच वर्षांची.

बरं, एवढं करून व्हिसा मिळतो का? त्या कागदानं फक्त पैशाचा प्रश्न मिटतो. हा माणूस परत जाईल का, हा प्रश्न वेगळा असतो. नकाराच्या छापील फॉर्मवर त्याचं वेगळं कारण असतं. मागे शेत कोण बघतंय असं विचारलं तर पोरगं काय सांगणार? आणि नकार आला की त्याची नोंद 5 वर्षं शेंगेन देशांच्या व्हिसा यंत्रणेत राहते. उद्या खरोखर नोकरीचा करार हातात घेऊन अर्ज केला तरी ती समोर दिसते. एजंट हे सांगत नाही, त्याचे पैसे घेऊन झालेले असतात.

पगाराचं कारण तर मुळीच सांगू नकोस. जावयाचा पगार आहे की, असं काकू पुढच्याच मिनिटाला म्हणतील. मग काय सांगशील?

आजच फोन कर. काकूंना नाही, त्या पोराला नाही, काकांना. गावाकडं रात्रीचे साडेआठ झाले की जेवून ओसरीवर बसले असतील. आधी विचार, काका, जोडी का विकली? मग थांब, त्यांना बोलू दे. नंतर सांग, हा कागद म्हणजे सोसायटीच्या कर्जाला जामीन राहण्यासारखं आहे, मी सही करणार नाही. सोसायटीचं नाव काढलंस की त्यांना सगळं कळेल, जर्मन कायदा समजावत बसू नकोस. एजंटाला किती दिले तेही विचार आणि उरलेला हप्ता थांबवायला सांग.

आणि खोलीच्या भाड्याचं ओझं वाटतंय ना? सुट्टीला आलीस की काकांना घेऊन हाळीला जा. देवणी जोडी बघा, पैसे तू दे.