डिलिव्हरीचं काम करणाऱ्याने आपत्कालीन निधी किती ठेवावा?

प्रश्न: मी पुण्यात डिलिव्हरी करतो, कमाई दर महिन्याला वेगळी. ‘सहा महिन्यांचा पगार बाजूला ठेवा’ म्हणतात, पण माझा पगार कोणता धरू?

उत्तर: सरासरी धरू नका, तिच्यात वाईट महिने लपतात. बँकेच्या स्टेटमेंटवरून बारा महिन्यांची कमाई लिहा आणि पेट्रोल, सर्व्हिसिंग, मोबाइल रिचार्ज वजा करा. मग भाडं, किराणा, फी, हप्ते असा न टळणारा घरखर्च काढा.

समजा तो १८,००० आहे. वर्षाची सरासरी २०,८०० दिसते, म्हणजे सगळं ठीक वाटतं. पण एप्रिलला हातात १७,०००, मेमध्ये १५,०००, जूनमध्ये १६,००० आले. सलग तूट १,००० + ३,००० + २,००० = ६,०००. मध्येच एखादा बरा महिना आला तर त्याची शिल्लक वजा करून बेरीज पुढे चालू ठेवा. ही बेरीज वर्षात सर्वांत जास्त जिथे पोहोचते, तोच सर्वांत मोठा खड्डा; इथे तो ६,००० धरू.

एवढ्याने भागत नाही, कारण हा खड्डा तुम्ही काम करत असतानाचा आहे. हात मोडला किंवा आयडी बंद झाला तर कमाई शून्य होते. त्यासाठी माझ्या मते किमान दोन महिन्यांचा घरखर्च, ३६,००० धरा. एकूण ४२,०००. घरात दुसरी कमाई नसेल तर तीन महिने धरा, म्हणजे ६०,०००.