अँजिओप्लास्टीनंतर गोळी आणि इंजेक्शनने माझं एलडीएल 24 वर आलंय. इतकं कमी चालतं का? पुढे मेंदूला त्रास होईल का?

हृदयविकार असलेल्याला 24 चालतं. केवळ आकडा खाली आला म्हणून डॉक्टरांना न विचारता औषध कमी करू नका.

मेंदूची धास्ती बहुतेकांना असते, पण मेंदू लागणारं कोलेस्टेरॉल स्वतःच बनवतो. रक्तातलं एलडीएल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. नवजात बाळाच्या नाळेतल्या रक्तात एलडीएल साधारण 30 च्या आसपासच असतं, आणि मेंदूची सर्वात वेगाने वाढ होते ती त्याच काळात.

आता पुरावा. 2017 च्या फोरियर चाचणीत 27,564 रुग्ण होते. स्टॅटिन गोळीच्या जोडीला एव्होलोक्युमॅबचं इंजेक्शन घेणाऱ्यांचं एलडीएल 30 च्या घरात आलं. काहींचं तर 20 च्याही खाली गेलं, पण त्यांच्यात गंभीर दुष्परिणाम वाढले नाहीत. यातल्याच 1,204 जणांची स्मरणशक्ती आणि विचार करण्याचा वेग संगणकावर तपासला, तेव्हा इंजेक्शन घेणारे आणि न घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. पुढे 6,635 जणांवर साधारण पाच वर्षं, काहींवर आठ वर्षांहून जास्त लक्ष ठेवलं. कर्करोग, मधुमेह, मेंदूतला रक्तस्राव, विस्मरण, यातलं काहीही वाढलं नाही. पंचवीस-तीस वर्षं इतक्या खाली राहिलेल्या रुग्णांचा अभ्यास मात्र अजून झालेला नाही. तुमचं वय तिशी-चाळिशीचं असेल तर हे लक्षात ठेवा.

दोन गोष्टी वेगळ्या काढाव्या लागतात. स्टॅटिनने साखर थोडी वाढू शकते, पण तो त्या औषधाचा गुण आहे, कमी एलडीएलचा नाही. दुसरी, पूर्वी मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. 2006 च्या एका चाचणीत, आधी स्ट्रोक किंवा थोड्या वेळात ओसरणारा छोटा स्ट्रोक येऊन गेलेल्यांना अ‍ॅटोर्वास्टॅटिन 80 दिल्यावर रक्तस्रावाचे 55 रुग्ण निघाले, बिनऔषधाच्या गटात 33. एकूण स्ट्रोक मात्र औषधाच्याच गटात कमी होते.

आणखी एक, रिपोर्टवरचं 24 मोजलेलं आहे की गणिताने काढलेलं, हे बघा. बऱ्याच लॅब एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करतात. समजा एकूण 114, एचडीएल 40, ट्रायग्लिसराइड 250. 114 वजा 40 वजा 50, उत्तर 24. पण ट्रायग्लिसराइड इतकं असताना पाचवा हिस्सा जास्तच वजा होतो, म्हणून खरं एलडीएल याहून वर असण्याचीच शक्यता. अशा वेळी एपो-बी, म्हणजे एलडीएलसारख्या कणांवरचं प्रथिन, तपासून घ्या, किंवा नॉन-एचडीएल, म्हणजे एकूण वजा एचडीएल, बघा. इथे ते 74 आहे.

खरी शंका घ्यायची वेळ वेगळीच. औषध तेच, डोस तोच, आणि तरी एलडीएल अचानक घसरलं, सोबत वजन उतरतंय, जुलाब होताहेत किंवा भूक गेली आहे, तर थायरॉइड, यकृत आणि आतड्यांची तपासणी करा. तिथे कमी एलडीएल हे आजाराचं कारण नसतं, त्याचं लक्षण असतं.