कामासाठी ई-मेल आणि हँडल कसं निवडावं, म्हणजे फोनवर स्पेलिंग सांगत बसावं लागणार नाही?

प्रश्न: मी लातूरला सिव्हिल इंजिनिअर आहे, घरांचे नकाशे आणि अंदाजपत्रकं करतो. नाव ज्ञानेश्वर सूर्यवंशी. ई-मेलमध्ये पूर्ण नाव आणि पुढे जन्मसाल आहे. दरवेळी फोनवर स्पेलिंग सांगावं लागतं, तरी लोक चुकतात. नवीन काय घेऊ? इन्स्टावरही तेच नाव हवंय.

उत्तर:

माझं नांदेडला डीटीपीचं दुकान आहे. कार्डावर टाकायचा ई-मेल गिऱ्हाईक तोंडी सांगतं आणि आम्ही टाइप करतो, त्यामुळे कुठलं नाव कुठं अडतं ते रोज दिसतं.

जन्मसाल तर काढाच, पण खरी गोची नावातच आहे. ज्ञानेश्वर कोणी dnyaneshwar लिहितो, कोणी gyaneshwar, कोणी मधला a खातो. सूर्यवंशीत w की v, हे ज्याच्या त्याच्या शाळेच्या दाखल्यावर. पत्ता अस्तित्वातच नसेल तर मेल परत येतो आणि चूक कळते. तुमच्या नावाची जवळपासची स्पेलिंगं मात्र आधीच कोणी ना कोणी घेतलेली असणार. मग मेल गुपचूप दुसऱ्याच सूर्यवंशींकडे जातो. पाठवणारा म्हणतो पाठवला, तुम्ही म्हणता आला नाही, आणि दोघंही खरं बोलत असता.

म्हणून पूर्ण नावाचा हट्ट सोडा. ज्या शब्दांचं इंग्रजी स्पेलिंग लोकांनी पाट्यांवर पाहिलेलं असतं, असे दोन छोटे शब्द जोडा. तुमच्या बाबतीत surya आणि civil. सूर्याला soorya लिहिणारा क्वचित भेटतो, आणि सिव्हिल तर साइटवरच्या मुकादमालाही तोंडपाठ असतं. suryaplan हेही सुचेल, पण ते ऐकून लोक सोलर पंपाची चौकशी करतील. suryanaksha नको, नकाशाचं स्पेलिंग प्रत्येकाचं वेगळं. suryaarch मध्ये जोडावर दोन a येतात आणि लिहिताना एक हमखास गळतो.

गावाचं नाव टाकायचा मोह होतो. latur लिहिताना सहसा कोणी चुकत नाही, हे खरं. पण उद्या काम नांदेड-परभणीत वाढलं की ते नाव आखूड पडतं. शिवाय 2023 मध्ये औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं बदलली, तेव्हा पत्त्यात जुनं नाव असलेल्यांची पंचाईत झालीच. आणि छत्रपती संभाजीनगर पूर्ण टाइप करायला कोणाला सांगणार?

suryacivil दहा अक्षरांचं होतं. हा आकडा महत्त्वाचा, कारण एक्सवर हँडल जास्तीत जास्त 15 अक्षरांचं चालतं आणि त्यात डॉट चालत नाही. इन्स्टावर डॉट आणि अंडरस्कोअर दोन्ही चालतात, तर जीमेलच्या पत्त्यात अंडरस्कोअर घेताच येत नाही. सगळीकडे एकच नाव हवं तर नुसती अक्षरं वापरा. तसंही अंडरस्कोअर सांगितलं की निम्मे लोक मधली रेघ मारतात, आणि "डॉट" म्हटलं की टिंबाऐवजी d-o-t टाइप करणारे आमच्याकडं येतातच. जीमेल डॉट मोजत नाही, surya.civil आणि suryacivil एकाच खात्यात येतात. इन्स्टावर मात्र ती दोन वेगळी खाती.

हे नाव घेतलेलं निघालं तर पुढं 1 किंवा 07 लावू नका. तोंडी सांगताना "शून्य सात" आकड्यात लिहायचं की अक्षरात, इथून सुरुवात होते, आणि छपाईत शून्य आणि O, एक आणि लहान l सारखेच दिसतात. त्यापेक्षा suryacivilwork बघा, चौदा अक्षरं, एक्सवरही बसतं. आधी सगळीकडं मोकळं आहे का ते तपासा, मगच जीमेल उघडा.

नक्की करण्याआधी एक परीक्षा घ्या. सिमेंटच्या दुकानदाराला फोन लावा, मागं ट्रकचा आवाज असला तर उत्तमच. नाव एकदाच सांगा, स्पेलिंग सांगू नका, आणि त्याला व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा. मग एखाद्या कॉलेजच्या पोराला आणि घरातल्या वयस्कर माणसालाही तसंच सांगा. तिघांचंही एकाच अक्षराशी अडलं तर नाव बदला. एकट्याचंच चुकलं तर त्यानं लिहिलेलं स्पेलिंगही घेऊन ठेवा आणि त्यावर आलेला मेल मुख्य खात्यावर फॉरवर्ड करा. सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा पर्याय आहे, एक कोड टाकून खात्री करून द्यावी लागते. अधूनमधून त्या खात्यात लॉगिन करत जा. दोन वर्षं हात न लावलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं.

जुना पत्ता बंद करू नका. बँक, पॅन, आधार त्याच्याशी जोडलेले असतील, आणि डिलीट केलेलं जीमेलचं नाव परत मिळेलच असं नाही. तोही नव्यावर फॉरवर्ड करा, आणि जुन्या गिऱ्हाइकांना उत्तर देताना नव्या पत्त्यावरूनच द्या. कार्डं मात्र ही परीक्षा झाल्यावरच छापायला टाका, आणि प्रूफ आलं की पत्ता स्वतः फोनमध्ये टाइप करून एक मेल पाठवून बघा.