चार मार्क कुणाला दिले?

"वेगळ्या विदर्भाच्या बाजूने लिहिलेल्या उत्तराला मी दहापैकी चार दिले. मुलीने मुद्देसूद लिहिलंय, पण वाचताना माझं डोकं तापलं. मार्क उत्तराला दिले की मताला?"

कोल्हापूरकडच्या एका ज्युनिअर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. आजोबा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, हे त्यांनी बसता बसताच सांगितलं. चाचणीचे पेपर अजून वाटले नव्हते, म्हणून म्हटलं, पुढच्या वेळी तो पेपर घेऊन या. आणि ज्याला चांगले मार्क दिलेत, असा अखंड महाराष्ट्राच्या बाजूचा एक पेपरही आणा.

मुलीने लिहिलं होतं की राज्यांच्या पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने 1955 मध्ये वेगळ्या विदर्भाची शिफारस केली होती. समासात मॅडमच्या लाल पेनाने 'कशावरून?' असं लिहिलेलं, तेही इतकं दाबून की मागच्या पानावर वळ उठला होता. वाक्य तर बरोबर आहे. हे मॅडमना ठाऊक होतं, वर्गात त्यांनीच शिकवलं होतं.

मग कोऱ्या कागदावर दहा मार्क फोडले: प्रश्न समजण्याला दोन, पुराव्याला तीन, पुराव्यापासून निष्कर्षापर्यंतच्या तर्काला तीन, विरोधी बाजूची दखल घेण्याला दोन. 'मत' असा रकानाच ठेवला नाही. पेपर पुन्हा तपासायला घेतले.

मुलीच्या उत्तरात आयोग होता, 1953 चा नागपूर करार होता, त्यातलं नागपुरात दरवर्षी अधिवेशन भरवण्याचं आश्वासनही होतं. पुराव्याचे तीनपैकी तीन. पण 'लहान राज्यांची प्रगती होतेच' हे वाक्य तिने 2000 साली झालेल्या तीन राज्यांची नुसती नावं देऊन रेटलं होतं. तिथे तर्काचा एक मार्क गेला. विरोधी बाजू तिने शिवलीच नव्हती, तिथे शून्य. एकूण सात.

दुसऱ्या पेपरला आधी आठ होते. हुतात्मे, मराठी अस्मिता, दोन घोषणा. वाचताना माझाही ऊर भरून आला, खोटं कशाला बोलू? रकान्यांत बसवलं तर प्रश्नाचे दोन, पुराव्याचा एक, तर्काचा एक. चार.

मॅडम बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मुलीला नऊ देते. धाडस आहे तिच्यात."

मी नको म्हटलं. तिथेही मार्क मतालाच गेले असते, फक्त उलट्या दिशेने. आणि आठाचे चार करायचे तर सगळा गठ्ठाच या रकान्यांवर पुन्हा तपासावा लागणार होता. छत्तीस पेपर होते. त्यांनी रविवार घातला.

पेपर वाटल्यावर मुलगी विचारायला आली: सातच का? मॅडमनी विरोधी बाजूचा रिकामा रकाना दाखवला. मुलगी म्हणाली, "पण मॅडम, ती बाजू तर इथे सगळ्यांनाच माहीत आहे."

"मग तुला लिहायला सोपीच गेली असती," मॅडम म्हणाल्या.